सोळा पानांची बारा पाने

गावातल्या मंदिराचे, मठाचे किंवा सत्संग केंद्राचे मासिक वार्तापत्र बहुधा ए-फोर कागद मध्ये दुमडून केलेल्या लहान आकारात निघते. दुमडलेल्या एका कागदाची चार पाने होतात, म्हणून अंकाची पाने नेहमी चारच्या पटीत येतात: आठ, बारा, सोळा. मजकूर कमी करण्याचे सगळे गणित इथून सुरू होते. सोळा पानांच्या अंकातला दोन पानांचा मजकूर काढला, तर छपाईत काहीच वाचत नाही. दोन पाने कोरी राहतात आणि त्यांत सुविचार भरावे लागतात. कमी करायचे तर चार पाने कमी करावी लागतात, नाहीतर अंक आहे तसा राहू द्यावा लागतो.

टपालाचा हिशोबही याच बाजूने बोलतो. सत्तर जीएसएमच्या ए-फोर कागदाचे वजन साधारण साडेचार ग्रॅम असते. सोळा पानांच्या अंकाला असे चार कागद लागतात, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. त्यावर पाकीट आणि पत्त्याची चिठ्ठी धरली की वजन वीस ग्रॅमच्या पुढे जाते, आणि साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा वीस ग्रॅमलाच संपतो. बारा पानांचा अंक तेरा ग्रॅमचा होतो आणि पाकिटासह पहिल्या टप्प्यात बसतो. ज्या केंद्राचे तीन-चारशे वर्गणीदार आहेत, तिथे खजिनदाराने संपादकाला ‘जरा आटोपशीर करा’ म्हणण्यामागे बहुधा हेच कारण असते.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातले एक दत्तमंदिर धरू. गुरुवारची आरती, पौर्णिमेला महाप्रसाद, वर्षातून दोन उत्सव आणि सोळा पानी वार्तापत्र. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून चौदा पाने मजकुराची. वाचकांत वयस्कर माणसे जास्त, म्हणून अक्षर तेरा पॉइंटचे आणि ओळींत अंतर मोकळे. त्यामुळे एका पानात सव्वादोनशेच्या आसपास शब्द मावतात. एकूण मजकूर सुमारे एकतीसशे शब्दांचा. त्यात अध्यक्षांचे मनोगत तीनशे, प्रवचन नऊशे, महिन्याभरातल्या कार्यक्रमांचे वृत्तान्त नऊशे, एका भक्ताचा अनुभव चारशे, श्रद्धांजली दीडशे आणि उरलेले साडेचारशे म्हणजे वेळापत्रक, दिनविशेष, देणगीदारांची यादी, खाते क्रमांक वगैरे. बारा पानांत बसायचे तर बावीसशे शब्दांवर यायला हवे. नऊशे शब्द गेले पाहिजेत.

इथे पहिला मोह होतो तो अक्षर बारीक करण्याचा. तेराचे दहा पॉइंट केले की एक शब्दही न गाळता अंक बारा पानांत बसतो. पण देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार वर असतात आणि उकार, ऋकार खाली. दोन ओळींमधली जागा आवळली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. सत्तरीतल्या वाचकाला असा अंक वाचवत नाही. तो तक्रारही करत नाही. अंक देव्हाऱ्यापाशी ठेवला जातो आणि पुढचा आल्यावर रद्दीत जातो. पानाचे समास कमी करणे हा त्याच मोहाचा दुसरा प्रकार. पिनेकडचा समास कमी केला, तर आतल्या पानांवरचे शब्द घडीत जातात.

दुसरा मोह सरसकट कात्री लावण्याचा. प्रत्येक मजकुराचा जवळपास तिसरा हिस्सा काढला की हिशोब जुळतो आणि कोणाला झुकते माप दिल्याचा आरोपही येत नाही. मात्र अंक हमखास कोरडा होतो तो याच पद्धतीने. लांबी आणि ओलावा अंकात सारख्या प्रमाणात पसरलेले नसतात. लांबी मुख्यतः अशा वाक्यांत असते जी कोणत्याही मंदिराच्या, कोणत्याही वर्षीच्या वृत्तान्तात खपून जातात. ओलावा त्या तपशिलांत असतो जो तिथे हजर असलेल्या माणसाशिवाय कोणी लिहूच शकला नसता. पहिल्या प्रकारचे शब्द शोधून काढायचे आणि दुसऱ्या प्रकारच्या शब्दांना धक्का लावायचा नाही, एवढे संपादकाला साधावे लागते. नऊशे शब्द कुठून जायचे हे तसे पाहिले की आपोआप ठरते: वृत्तान्तांतून साडेचारशे, स्थायी मजकुरातून दोनशे, प्रवचनातून दीडशे, मनोगतातून शंभर. अनुभव आणि श्रद्धांजली यांना हात लावायची गरज पडत नाही.

वृत्तान्तात सर्वांत जास्त गाळ साठतो, म्हणून तो जवळून पाहणे बरे. दत्तजयंतीचा वृत्तान्त कार्यवाह बहुतेक वेळा पुढीलप्रमाणे लिहून देतात. नावाच्या जागी येथे रेघ ठेवली आहे.

‘परमपूज्य सद्गुरूंच्या कृपाशीर्वादाने व विश्वस्त मंडळाच्या मार्गदर्शनाखाली याही वर्षी श्रीदत्तजयंतीचा उत्सव मोठ्या उत्साहात, भक्तिमय व मंगलमय वातावरणात संपन्न झाला. कार्यक्रमाची सुरुवात पहाटे काकड आरतीने करण्यात आली. त्यानंतर श्रींच्या पादुकांवर लघुरुद्राभिषेक करण्यात आला. सायंकाळी सहा वाजता जन्मकाळाचा सोहळा अत्यंत भावपूर्ण वातावरणात साजरा करण्यात आला. याप्रसंगी परिसरातील भाविक मोठ्या संख्येने उपस्थित होते. पाळण्याची सजावट सौ. —— काकू यांनी केली. त्यांनी या वर्षी पाळण्याला आपल्या घरच्या जुन्या पैठणीचे काठ लावले होते. त्यानंतर सुंठवड्याचे वाटप करण्यात आले. वीज गेल्याने काही काळ व्यत्यय आला, परंतु कार्यक्रम सुरळीत पार पडला. त्यानंतर सुमारे सहाशे भाविकांनी महाप्रसादाचा लाभ घेतला. सर्व सेवेकऱ्यांनी अथक परिश्रम घेतले. सर्वांचे मनःपूर्वक आभार मानून पसायदानाने कार्यक्रमाची सांगता करण्यात आली.’

शंभरावर थोडे शब्द आहेत. ‘करण्यात’ पाच वेळा आले आहे, ‘त्यानंतर’ तीन वेळा, ‘वातावरणात’ दोन वेळा. पहिले वाक्य गेल्या वर्षीच्या अंकातून जसेच्या तसे उचलता आले असते. पुढच्या वर्षीही उचलता येईल. काकड आरती, अभिषेक, जन्मकाळ, सुंठवडा, महाप्रसाद हा क्रम प्रत्येक दत्तभक्ताला पाठ असतो, त्यामुळे तो क्रमाने सांगण्यात बातमी नाही. या वर्षीचे असे यात दोनच तपशील आहेत: पैठणीचे काठ आणि गेलेली वीज. त्यांतला पहिला सरळ आला आहे. दुसरा ‘व्यत्यय’ या शब्दाखाली दडला आहे.

अशा ठिकाणी संपादकाने लेखणी बाजूला ठेवून फोन करावा. वीज गेली तेव्हा नेमके काय झाले, एवढेच विचारायचे. उत्तर साधारण असे येते: बायका पाळणा म्हणत होत्या, अंधार झाला, कोणी थांबले नाही, समया होत्याच, त्यांच्या उजेडात पाळणा पुरा झाला. कार्यवाहांनी हे लिहिले नाही, कारण वीज जाणे ही त्यांना आयोजनातली उणीव वाटली. वाचकाला मात्र उत्सवातला तोच क्षण हवा असतो. मुंबईला मुलाकडे राहायला गेलेल्या आजींना तर नक्कीच, कारण दरवर्षी त्या बायकांत त्याही बसलेल्या असत. हे कळल्यावर मजकूर असा होतो:

‘दत्तजयंतीला जन्मकाळाचा पाळणा सुरू असतानाच वीज गेली. कोणी थांबले नाही. समईच्या उजेडात बायकांनी पाळणा पुरा म्हटला आणि सुंठवडा वाटून होईपर्यंत दिवे आले. पाळण्याला या वर्षी —— काकूंच्या घरच्या जुन्या पैठणीचे काठ होते. पहाटे काकड आरती व लघुरुद्र झाला, रात्री सुमारे सहाशे जणांनी महाप्रसाद घेतला. सेवेकऱ्यांची नावे शेवटच्या पानावर आहेत.’

शब्द पन्नासच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी; आणि मूळ मजकुरात नसलेली गोष्टही आत आली. मूळ वाक्यांतली विशेषणे सगळी गेली, तरी भक्तिभाव कमी झाला असे वाचणाऱ्याला वाटत नाही, कारण अंधारात न थांबलेल्या पाळण्यात तो आहेच. ‘भावपूर्ण’ हा शब्द तेथे आता नसलेलाच बरा. विधींची नोंद एका वाक्यात राहिली. ती पूर्ण काढणे चूक ठरते. कारण लघुरुद्रासाठी ज्यांनी वर्गणी दिली, त्यांना लघुरुद्र झाल्याचे अंकात वाचायचे असते.

या कामात एका गोष्टीला हात लावू नये: नावे. जागा वाचवताना नावे सर्वांत सहज गळतात, कारण परक्याला त्यांत काही अर्थ दिसत नाही. ‘अनेक सेवेकऱ्यांनी सहकार्य केले’ असे एक वाक्य लिहिले की पंधरा नावे वाचतात. पण पंधरा नावे म्हणजे फार तर तीस-पस्तीस शब्द, आणि त्या पंधरा घरांत अंक आधी त्या जागी उघडला जातो. वाचवायचे तर नावांभोवतीचे वेष्टन वाचवावे. ‘यांनी भांडी घासण्याची सेवा केली, यांनी पाणी वाढण्याची सेवा केली’ अशी वाक्ये करण्याऐवजी ‘पाणी:’, ‘भांडी:’, ‘पंगत:’ अशी ठळक अक्षरे घालून पुढे स्वल्पविरामांनी नावे लावली की चौथाई पानात सगळे बसतात. नावांच्या मागची ‘काका’, ‘काकू’, ‘अण्णा’, ‘मामी’ ही संबोधने मात्र काढू नयेत. मंदिरात त्यांना ज्या नावाने हाक मारतात, तेच अंकात असावे. नुसते आडनाव छापले तर दोन-तीन घरांत ‘हे कोण?’ असा प्रश्न येतो.

आदरार्थी उपाध्यांचे तसे नाही. ‘परमपूज्य सद्गुरू श्री’ ही माळ एका लेखात बारा वेळा आली, तर तिच्यातच छत्तीस शब्द जातात. लेखात पहिल्यांदा नाव येईल तिथे ती पूर्ण द्यावी आणि पुढे नुसते ‘महाराज’ म्हणावे. त्यात अनादर होत नाही, कारण आदर क्रियापदात राहतो: ‘महाराज म्हणाले’, ‘महाराज बसले होते’. हा नियम विश्वस्तांना आधीच सांगून ठरवून घ्यावा. अंक छापून आल्यावर ‘परमपूज्य गाळले’ अशी तक्रार आली, की पुढच्या महिन्यापासून ती माळ दुप्पट जोमाने परत येते. विश्वस्त मंडळाचे मार्गदर्शनही असेच. ते प्रत्येक वृत्तान्तात सांगण्याऐवजी शेवटच्या पानावरच्या चौकटीत विश्वस्तांची नावे कायमची द्यावीत.

स्थायी मजकूर दर महिन्याला तोच असतो, म्हणून कोणी वाचत नाही, आणि वाचत नाही म्हणून त्यातल्या जुन्या चुकाही वर्षानुवर्षे तशाच राहतात. आरतीच्या वेळा, बँकेचे खाते, दूरध्वनी, अन्नदानाचा दर, ग्रंथालयाची वेळ हे अंकभर विखुरलेले असते. ते सगळे उचलून एका चौकटीत आणले की दीड पानाचे अर्धे पान होते. चौकट दर अंकात त्याच जागी ठेवावी. वाचकाला ती सवयीने सापडते, आणि संपादकालाही दर महिन्याला एकच जागा तपासावी लागते.

दिनविशेषाच्या रकान्यात मात्र कात्री जपून चालवावी लागते. तिथला एखादा शब्द निरुपयोगी वाटतो आणि तोच उपासाचा दिवस ठरवत असतो. काही एकादश्या स्मार्त आणि भागवत अशा दोन वेगळ्या दिवशी येतात. जागेसाठी ‘स्मार्त’ हा शब्द काढला, तर वारकरी घरातला माणूस चुकीच्या दिवशी उपास करतो. संकष्टीच्या चंद्रोदयाचेही तसेच. चंद्रोदयाची वेळ गावागणिक बदलते. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटे धरली तर वेळेत सुमारे पंचवीस मिनिटांचे अंतर पडते. मुंबईच्या दिनदर्शिकेतली वेळ गावाचे नाव गाळून नागपूरकडच्या अंकात छापली, तर चंद्र वर येऊन बराच वेळ झाला तरी घरातली माणसे ताटावर बसत नाहीत. गावाचे नाव हा एकच शब्द आहे, तो राहू द्यावा.

देणगीदारांची यादी हा बहुतेक केंद्रांत नाजूक विषय असतो. यादीत नाव, गाव, रक्कम, निमित्त असे चार स्तंभ असतात आणि पन्नास नावांना दीड पान जाते. रक्कम काढून टाकण्याचा निर्णय विश्वस्तांनी घेतला, तर स्तंभच लागत नाहीत. नावे ओळीत लावता येतात आणि जागा तिसऱ्या हिश्श्यावर येते. पैशाची पावती प्रत्येकाला वेगळी दिलेलीच असते, त्यामुळे हिशोबाला बाध येत नाही. मात्र ‘आईच्या वर्षश्राद्धानिमित्त’, ‘नातीच्या बारशानिमित्त’ हे निमित्त काढू नये. रक्कम विसरली जाते. निमित्त वाचून शेजारीण बारशाची चौकशी करायला जाते. रक्कम छापायचीच असा आग्रह असेल, तर यादी मंदिरातल्या फलकावर लावून अंकात फक्त नावे व निमित्ते द्यावीत, ही तडजोड बहुतेक ठिकाणी मान्य होते.

प्रवचन छोटे करण्याचे काम वेगळ्या प्रकारचे आहे. चाळीस मिनिटांच्या प्रवचनात चार हजारांच्या वर शब्द सहज बोलले जातात. नऊशे शब्दांचा लेख म्हणजे आधीच कोणीतरी तीन-चतुर्थांशाहून जास्त गाळलेले असते, आणि ते गाळताना बहुतेकदा सारांश केलेला असतो: महाराजांनी नामाचे महत्त्व विशद केले, मनाच्या चंचलतेविषयी विवेचन केले, संतांचे दाखले दिले. सारांशात मुद्दे सगळे येतात आणि बोलणारा माणूस निघून जातो. असा लेख नऊशेवरून साडेसातशेवर आणताना सारांशाचा आणखी सारांश करण्यात अर्थ नाही. मूळ ध्वनिमुद्रण असेल तर ते पुन्हा ऐकावे आणि त्यातला सलग सात-आठ मिनिटांचा एकच तुकडा घ्यावा: एक दृष्टान्त, त्यातून निघालेला एक मुद्दा, त्यावर श्रोत्यांना विचारलेला एखादा प्रश्न. बाकीचे चार मुद्दे सोडून द्यावेत. ज्यांनी प्रवचन ऐकले, त्यांना त्या तुकड्यावरून उरलेले आठवते. ज्यांनी ऐकले नाही, त्यांना निदान एक गोष्ट पुरती मिळते.

बोललेले शब्द कागदावर टिकतात याचा मराठीतला मोठा दाखला विनोबांच्या गीता प्रवचनांचा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. पुस्तकात ते आजही बोलणेच वाटते. वाक्ये आटोपशीर आहेत, समोर बसलेल्या माणसाला उद्देशून आहेत. गोंदवलेकर महाराजांच्या नावाने वाचली जाणारी तारीखवार प्रवचने दुसऱ्या टोकाची: प्रत्येक दिवसाला एकच छोटे प्रवचन, त्यात एकच विचार. दोन्ही पुस्तके वार्तापत्राच्या संपादकाच्या टेबलावर असावीत. पहिल्यावरून बोलीचा सूर कसा राखायचा ते कळते, दुसऱ्यावरून कुठे थांबायचे ते.

तुकडा निवडल्यावर त्याच्या आतली काटछाट सोपी असते. बोलणारा महत्त्वाचे वाक्य दोन-तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत म्हणतो, कारण मागे बसलेल्यांपर्यंत ते पोचायला हवे असते. कागदावर एकच पुरते, आणि बहुतेकदा शेवटचे ठेवावे, कारण तोवर त्याला घाट आलेला असतो. ‘बरं का’, ‘आता बघा’, ‘लक्षात आलं का’ ही बोलण्याची टेकणे सगळी काढली तर प्रवचनाचे पाठ्यपुस्तक होते, आणि सगळी ठेवली तर वाचक कंटाळतो. तीन-चार ठेवावीत, तीही दृष्टान्ताच्या आसपास. शब्द गाळावेत, पण बदलू नयेत. महाराज ‘गडबडगुंडा’ म्हणाले असतील तर संपादकाने तिथे ‘गोंधळ’ लिहू नये.

ओव्या-अभंग उद्धृत केलेले असतील तर ते छापील प्रतीवरून ताडून पाहणे भाग आहे. प्रवचनकार पाठ म्हणतात, लिहून घेणारा कानाने टिपतो, आणि अंकात एखादा शब्द हमखास वेगळा पडतो. ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या प्रतींत पाठभेद आहेत आणि ओव्यांचे क्रमांकही काही ठिकाणी पुढेमागे होतात, म्हणून केंद्रात जी प्रत वाचली जाते तिचाच क्रमांक द्यावा. दासबोधात दशक, समास आणि ओवी असे तिन्ही आकडे लागतात. जागेसाठी त्यांतला मधला गाळला तर संदर्भाचा उपयोगच उरत नाही. चार ओव्या दिल्या असतील तर तीन काढून एक ठेवणे चालते. एका ओवीचा अर्धा भाग काढून चालत नाही.

अध्यक्षांच्या मनोगतातून शंभर शब्द काढणे हे भाषेपेक्षा शिष्टाचाराचे काम आहे. मनोगताचा पहिला परिच्छेद बहुधा ऋतूविषयी आणि ‘हा अंक आपल्या हाती देताना आनंद होत आहे’ याविषयी असतो, शेवटचा शुभेच्छांचा. दोन्ही काढून मधला मजकूर, म्हणजे मंडपाचे पत्रे बदलायचे आहेत किंवा पुजारीबुवांच्या जागी त्यांचा मुलगा येणार आहे, तसाच ठेवावा आणि छापण्याआधी अध्यक्षांना दाखवावा. ‘दोनशे शब्दांतच जागा आहे’ हे कारण त्यांना पटते. ‘सुरुवात गरजेची नव्हती’ हे खरे कारण सांगायची आवश्यकता नसते.

श्रद्धांजलीच्या रकान्यातून शब्द गेले पाहिजेत असे नाही, पण तिथे एक दुरुस्ती जागा मोकळी करते. तीन निधनवार्तांच्या प्रत्येकीच्या शेवटी ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’ असे एक वाक्य असते. ते रकान्याच्या शेवटी एकदाच, तिघांसाठी मिळून द्यावे. जे शब्द वाचले, ते त्या त्या माणसाला द्यावेत: पहाटे सनई लावायचे ते हे, चपलांच्या खणाशी बसायचे ते हे. तिघांनाही सारखीच जागा हवी. विश्वस्ताला दीडशे शब्द आणि झाडलोट करणाऱ्या बाईंना दोन ओळी असा फरक अंकात लगेच दिसतो आणि वर्षभर बोलला जातो. तारखा, वय, गाव यांची खातरजमा घरच्या एका माणसाकडून करावी. या रकान्यातल्या चुकीला पुढच्या अंकातली शुद्धिपत्राची ओळ पुरत नाही.

भक्ताच्या अनुभवाला हात लावायचा तर परवानगीने. असे लेखन बहुधा वहीच्या कागदावर, एकाच परिच्छेदात येते. त्यात आजार, डॉक्टर, नवस, गुण येणे असा क्रम असतो आणि मध्ये कितीतरी आडवाटा. आडवाटा काढायच्या असतील तर लेखकाला फोनवर छोटा मजकूर वाचून दाखवावा. वाचून दाखवताना लेखक जिथे ‘हो, पण…’ म्हणतो, ती आडवाट बहुतेकदा ठेवण्याजोगी असते. बोली सुधारू नये. ‘म्या गेलतो’ असे लिहिणाऱ्याला ‘मी गेलो होतो’ करून दिले, तर गावात ते त्याचे म्हणून ओळखले जात नाही. मात्र ‘डॉक्टरांचे औषध बंद केले आणि गुण आला’ अशा वाक्याबाबत संपादकाने ठाम राहावे. ते छापण्याची जबाबदारी केंद्राची असते आणि तेच वाक्य वाचून दुसरा कोणी औषध बंद करू शकतो.

काटछाट जास्त झाली हे कळायला काही खुणा आहेत. वाक्यांतून माणसे गेली आणि ‘संपन्न’, ‘आयोजित’, ‘उपस्थित’ उरले, तर मजकूर सरकारी परिपत्रकाच्या वळणावर गेला. अंकावरचे केंद्राचे नाव हाताने झाकून कोणतेही पान वाचावे. ते दुसऱ्या कोणत्याही मंदिराचे असू शकेल असे वाटले, तर त्या पानावरून चुकीचे शब्द गेले आहेत. मोठ्याने वाचणे ही तिसरी तपासणी: सलग लहान वाक्ये ठेचकाळत येत असतील, तर ‘आणि’, ‘तेव्हा’, ‘मग’ हे जोडशब्द कात्रीत सापडले आहेत. ते परत घालावेत. दहा-बारा जोडशब्दांनी पान वाढत नाही.

काढलेला मजकूर फेकू नये. चार कडव्यांची कविता, उत्सवातला दुसरा प्रसंग, प्रवचनाचे उरलेले तुकडे एका फायलीत महिन्यावार ठेवावेत. चातुर्मासात साहित्याचा पूर येतो आणि वैशाखात, उन्हामुळे मंदिरात माणसे कमी असताना, दोन पाने भरायला काही नसते. अंक फोनवर पीडीएफने पाठवताना पानांची मर्यादा नसते म्हणून सगळे काढलेले परत जोडण्याची सूचना कोणीतरी करतेच. ती मानू नये, नाहीतर लोक छापील अंक सोडून ‘पूर्ण’ अंक मागू लागतात आणि पुढच्या महिन्याचे काम दुप्पट होते.

शेवटच्या मुद्रितावर तीन गोष्टी पुन्हा पाहाव्या लागतात, कारण काटछाटीनंतरच त्या बिघडतात. ‘पान १४ पाहा’ असे म्हटलेले पान आता अस्तित्वात नसते. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल, तर जोडाक्षरे आणि रफार तुटलेले असतात. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘पुऱ्या’ असे शब्द मुद्दाम शोधावेत. आणि नावे, ती सेवेच्या वहीशी एकेक करून, दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचत ताडावीत. एवढे झाल्यावर एखाद्या पानाच्या तळाशी दोन-तीन ओळींची जागा उरली, तर ती मोकळी सोडावी. छापखान्यातला माणूस तिथे विचारल्याशिवाय एखादी वेलबुट्टी टाकतो, तेवढी चालते.